पाच प्रश्न आणि त्यानंतरची पंधरा मिनिटे

किशोरवयीन मुलामुलींच्या मनात आत्महत्येचे विचार आहेत की नाहीत हे ओळखण्यासाठी वैद्यकशास्त्रात जी साधने वापरली जातात, त्यांतील एक लहान आणि बऱ्याच ठिकाणी वापरले जाणारे साधन म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तयार झालेली 'एएसक्यू' नावाची प्रश्नावली होय. तिच्यात चार प्रश्न असतात आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले तर पाचवा विचारला जातो. ते विचारण्यास साधारण वीस सेकंद पुरतात. अशा प्रश्नावलीला येथे 'चाळणी' म्हटले आहे, कारण ती निदान करीत नाही. ज्यांच्याशी सविस्तर बोलणे आवश्यक आहे अशी मुले इतरांपासून वेगळी काढणे एवढेच तिचे काम असते. पुढील विवेचन या प्रश्नांविषयी आहे, परंतु त्याहून अधिक ते 'हो' या उत्तरानंतर काय करायचे याविषयी आहे, कारण विचारणारा मनुष्य बहुतेक वेळा अडखळतो तो तेथेच.

या प्रश्नावलीचा जन्म मनोरुग्णालयात झाला नाही, लहान मुलांच्या तातडीच्या विभागात झाला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. आत्महत्या करणाऱ्या अनेक मुलांनी त्याआधीच्या काही महिन्यांत कोणत्या ना कोणत्या डॉक्टरचे दार गाठलेले असते, पण तेथे ती डोकेदुखी, पोटदुखी, चक्कर किंवा झोप न लागणे अशी तक्रार घेऊन येतात आणि तेवढ्याच तक्रारीचे औषध घेऊन परत जातात. लिसा होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील तीन बालरुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या, 10 ते 21 वर्षे वयाच्या 524 रुग्णांना सतरा संभाव्य प्रश्न विचारले, त्याच रुग्णांकडून आत्महत्येच्या विचारांविषयीची एक मोठी, आधीच प्रमाणित झालेली प्रश्नावली भरून घेतली आणि दोहोंची तुलना करून, जे चार प्रश्न एकत्र विचारले असता जवळजवळ कोणीही निसटत नाही असे चार प्रश्न निवडले. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2022 मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बारा वर्षे आणि त्यावरील वयाच्या प्रत्येक मुलाला असे प्रश्न नियमित तपासणीत विचारावेत, आठ ते अकरा या वयात मात्र काही कारण दिसल्यासच विचारावेत, अशी शिफारस केली.

पहिला प्रश्न असा: "गेल्या काही आठवड्यांत, आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं तुला वाटलं का?" दुसरा: "गेल्या काही आठवड्यांत, आपण मेलो तर आपलं किंवा आपल्या घरच्यांचं भलं होईल, असं तुला वाटलं का?" तिसरा: "गेल्या आठवड्यात स्वतःचा जीव घेण्याचे विचार तुझ्या मनात आले का?" चौथा: "तू कधी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला आहेस का?" आणि उत्तर 'हो' असल्यास, कसा आणि केव्हा. या चारांपैकी एकालाही होकार मिळाला तर पाचवा: "आत्ता, या क्षणी, स्वतःचा जीव घेण्याचे विचार तुझ्या मनात आहेत का?" येथे दिलेले शब्द मूळ इंग्रजी प्रश्नांचा आशय मराठीत सांगणारे आहेत. प्रत्यक्ष कामात वापरायचे शब्द मुलांसमोर वाचून, त्यांना त्यांचा अर्थ काय लागतो हे पाहूनच पक्के करावे लागतात.

प्रश्नांचा क्रम आणि त्यांतील कालमर्यादा यांना कारण आहे. पहिला प्रश्न मरणाच्या इच्छेविषयी आहे, ते घडवून आणण्याविषयी नाही. त्यामुळे ज्या मुलाने आपल्या दुःखाला 'आत्महत्या' हे नाव स्वतःशीसुद्धा दिलेले नाही, त्यालाही त्याचे उत्तर देता येते. तिसरा प्रश्न स्वतःच्या हाताने जीव घेण्याच्या विचाराविषयी आहे आणि त्याची मर्यादा एका आठवड्याची आहे, कारण असे विचार येतात-जातात आणि अलीकडच्या विचारांना अधिक महत्त्व असते. चौथ्या प्रश्नाला काळाची मर्यादाच नाही, कारण पूर्वी केलेला प्रयत्न हा पुढील धोक्याचा सर्वांत ठळक ज्ञात संकेत मानला जातो, मग तो प्रयत्न घरच्यांना 'पोरखेळ' वाटलेला का असेना. दुसरा प्रश्न मात्र या सर्वांहून वेगळा आहे. आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत ही भावना त्यात विचारली जाते. ज्या घरात शिकवणीची फी कर्ज काढून भरली आहे, ज्या घरात मुलीच्या लग्नाची चिंता तिच्यासमोरच बोलून दाखवली जाते, किंवा ज्या घरात पीक हातचे गेल्यावर प्रत्येक खर्चाचा हिशेब मुलांच्या कानावर पडतो, त्या घरातील मुलाला हा प्रश्न परका वाटत नाही. मरणाविषयी एक शब्दही न काढणारी मुले या प्रश्नापाशी थबकतात, आणि ते थबकणेही विचारणाऱ्याने टिपून ठेवावे.

मराठीत हे प्रश्न विचारताना दोन चुका सहज होतात. पहिली चूक वाक्याच्या शेवटी असलेल्या 'ना' या एका अक्षरात आहे. "तसलं काही वेडंवाकडं मनात येत नाही ना?" असे विचारणारी व्यक्ती काळजीपोटीच विचारत असते, पण तिने आपल्याला कोणते उत्तर ऐकायचे आहे हे आधीच सांगून टाकलेले असते, आणि मोठ्यांना दुखवू नये असे शिकवलेले मूल तेच उत्तर देते. दुसरी चूक आडवळणाची आहे. 'जिवाचं बरंवाईट करणे', 'टोकाचं पाऊल', 'काही करून घेणे' हे शब्द ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला कळतात, तेरा वर्षांच्या मुलाला ते कळतीलच असे नाही. आणि कळले तरी, समोरच्या व्यक्तीला या गोष्टीचे नावही घेववत नाही, मग तिला खरे कसे सांगावे, असा निष्कर्ष तो काढतो. म्हणून प्रश्न लिहिलेला असेल तसाच, सपाट आवाजात, ताप किती दिवस आहे हे विचारावे तशा सहजतेने विचारला जावा आणि उत्तरासाठी थांबावे. उलट दिशेची अडचणही मराठीत आहे: 'मरते मी आता', 'जीव गेला नुसता' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, म्हणून मुलाच्या तोंडून निघालेले असे शब्द ऐकणाऱ्याच्या कानावरून निघून जातात. प्रश्नावलीचा एक उपयोग असा की, बोलण्याची लकब कोणती आणि खरा विचार कोणता हा अंदाज बांधत बसण्याऐवजी थेट विचारण्याची सोय ती करून देते.

थेट विचारल्याने नसलेला विचार मुलाच्या मनात रुजेल ही भीती पालकांत, शिक्षकांत आणि काही डॉक्टरांतही खोलवर बसलेली आहे. या भीतीची प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. मॅडेलिन गूल्ड यांच्या गटाने न्यूयॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांतील 2,342 विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाच्या पहिल्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयीचे प्रश्न होते, दुसऱ्या गटाच्या प्रश्नावलीत नव्हते, आणि दोन दिवसांनी दोन्ही गटांना ते प्रश्न विचारण्यात आले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत प्रश्न विचारल्या गेलेल्या गटात मनस्ताप किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचे आढळले नाही. उलट आधीपासून नैराश्य असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांमध्ये, प्रश्न विचारले गेलेल्यांचा मनस्ताप न विचारलेल्यांपेक्षा काहीसा कमीच होता.

प्रश्न विचारताना पालक खोलीबाहेर असणे आवश्यक असते आणि आपल्याकडे हेच सर्वांत अवघड जाते. आई मुलीच्या वतीने उत्तर देते, वडील 'तिला काय विचारता, मी सांगतो' म्हणतात, आणि दोघांनाही बाहेर बसवणे हा अविश्वास वाटतो. यावरचा उपाय असा की, ही सर्वांसाठीची रीत आहे असे आधीच सांगावे: "या वयाच्या प्रत्येक मुलाशी आम्ही पाच मिनिटं एकट्यानं बोलतो. काळजीचं काही आढळलं तर तुम्हाला सांगूच." या वाक्यात मुलासाठीही एक माहिती आहे: येथे गुप्ततेला मर्यादा आहे. 'हे मी कोणालाच सांगणार नाही' असे वचन कोणीही देऊ नये, कारण जिवाला धोका असल्यास ते मोडावे लागते, आणि एकदा विश्वास मोडला की ते मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. बोलता बोलता लैंगिक अत्याचाराची माहिती समोर आली तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक असते, म्हणूनही ही मर्यादा बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगितलेली बरी.

आता उत्तरांचा अर्थ कसा लावायचा ते पाहू. चारही उत्तरे 'नाही' असतील तर चाळणी तेथेच संपते आणि पाचवा प्रश्न विचारला जात नाही. मात्र मुलाचा चेहरा, हातावरच्या खुणा किंवा शिक्षकाने सांगितलेली एखादी गोष्ट वेगळे काही सुचवत असेल तर विचारणाऱ्याने आपल्या निरीक्षणाला कागदापेक्षा अधिक मान द्यावा. एकही 'हो' असेल तर चाळणी होकारार्थी धरायची. उत्तर देण्यास नकार मिळाला तरीही ती होकारार्थीच धरायची, कारण सांगण्यासारखे काही नसलेले मूल सहसा 'नाही' म्हणून मोकळे होते.

होकारार्थी चाळणी म्हणजे काय आणि काय नव्हे, हे थोड्या गणिताने स्पष्ट होते. मूळ अभ्यासात ज्यांना खरोखर धोका होता अशा शंभरांपैकी जवळजवळ 97 मुले या चार प्रश्नांनी ओळखली गेली, याला चाचणीची 'संवेदनशीलता' म्हणतात; आणि ज्यांना धोका नव्हता अशा शंभरांपैकी सुमारे 88 मुले बरोबर वगळली गेली, याला 'विशिष्टता' म्हणतात. आता समजा, एखाद्या ठिकाणी हजार मुलांना हे प्रश्न विचारले आणि त्यांत खरा धोका असलेली मुले चाळीस आहेत (हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे). त्या चाळिसांपैकी 39 पकडली जातील आणि एखादे निसटेल. उरलेल्या 960 पैकी शेकडा बारा म्हणजे सुमारे 115 मुलांची चाळणीही होकारार्थी येईल. म्हणजे एकूण दीडशेच्या वर मुले वेगळी निघतील आणि त्यांत दर चारांमागे एकाला खरा धोका असेल. चाळणीची जाळी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. तीन मुलांशी विनाकारण पंधरा मिनिटे बोलावे लागले तर फारसे बिघडत नाही, चौथे निसटले तर मात्र ते भरून निघत नाही. परंतु याच गणितातून हेही निघते की 'हो' ऐकताच मुलाला थेट मनोरुग्णालयात पाठवणे, शाळेतून नाव कमी करणे किंवा त्याच्यावर एखादा शिक्का मारणे हे केवळ क्रूर नव्हे तर चुकीचेही आहे.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर हा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. त्याला तातडीचा धोका म्हणतात. अशा वेळी मुलाला एक क्षणही एकटे सोडायचे नसते, स्वच्छतागृहातही नाही. खोलीतील इजा करता येतील अशा वस्तू हलवायच्या असतात. उपस्थित वरिष्ठ डॉक्टरला लगेच कळवायचे असते. आणि मानसिक आरोग्य तज्ज्ञाकडून संपूर्ण तपासणी झाल्याशिवाय त्याला घरी जाऊ द्यायचे नसते. जेथे मानसोपचारतज्ज्ञ नाही तेथे टेलिफोनवरून सल्ला घेत, सोबत जबाबदार माणूस देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवणे हाच मार्ग उरतो. 'उद्या ओपीडीत दाखवा' अशी चिठ्ठी लिहून त्याला आईवडिलांसोबत एसटीने पाठवून देणे हा मार्ग नव्हे.

बहुतेक होकारार्थी मुले मात्र पाचव्या प्रश्नाला 'नाही' म्हणतात, आणि खरे कौशल्य त्यांच्याबाबतीतच लागते. अशा मुलांशी दहा-पंधरा मिनिटांचे एक ठरावीक क्रमाचे बोलणे करायचे असते, त्याला संक्षिप्त सुरक्षा-मूल्यमापन म्हणतात. ते कसे चालते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दहावीतील पंधरा वर्षांची मुलगी महिन्यात तिसऱ्यांदा डोकेदुखीसाठी आली आहे. तपासणीत काही सापडत नाही. सिस्टर आईला बाहेर बसवून प्रश्न विचारते. पहिल्याला 'हो', दुसऱ्याला बराच वेळ गप्प राहून 'हो', तिसऱ्याला 'नाही', चौथ्याला 'हो, मागच्या वर्षी, घरात कोणाला कळलं नाही', पाचव्याला 'नाही' अशी उत्तरे येतात. सिस्टरच्या तोंडून पुढे निघणारे वाक्य सर्वांत महत्त्वाचे असते. 'असं का बोलतेस, आईबापाचा विचार कर' हे वाक्य निघाले तर मुलगी पुढचे काही सांगणार नाही. शिवाय दुसऱ्या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर पाहता, आईबापाचा विचार करूनच ती येथवर पोहोचली आहे. "हे सांगणं सोपं नव्हतं. तू सांगितलंस ते बरं केलंस. मला अजून थोडं विचारू दे," एवढे पुरते.

त्यानंतर डॉक्टर किंवा समुपदेशक विचारतो की हे विचार किती वेळा येतात आणि शेवटचे केव्हा आले; काही बेत मनात आहे का, आणि असल्यास त्यासाठी लागणारी वस्तू तिच्या हाताशी आहे का; मागच्या वर्षी काय घडले, तेव्हा खरोखर मरायचे होते का, आणि नंतर कोणी उपचार केले का. मग झोप, भूक, चिडचिड, आवडीच्या गोष्टींतून उडालेले मन, निराशा, नशेचे पदार्थ आणि एकटेपणा यांविषयी. मग घर, शाळा, चिडवणे-छळणे, मोबाइलवरून चाललेले काही, ओळखीत अलीकडे कोणी आत्महत्या केली आहे का, याविषयी. आणि शेवटी, वाईट वाटते तेव्हा ती कोणाशी बोलते, कशामुळे थांबते. कल्पिलेल्या उदाहरणात मुलगी सांगते की विचार आठवड्यातून दोनतीनदा, रात्री अभ्यासाला बसल्यावर येतात, बेत नाही, सराव परीक्षेत गुण घसरल्यापासून वडील बोलत नाहीत, मागच्या वर्षीही निकालानंतरच तसे झाले होते, लहान भावाकडे पाहून ती थांबली. यातील प्रत्येक उत्तर पुढच्या निर्णयात कामी येते: बेत नसणे आणि थांबवणारे कारण असणे धोका कमी करते, पूर्वीचा प्रयत्न, त्यावर कधीच उपचार न होणे आणि तसाच प्रसंग, म्हणजे परीक्षा, पुन्हा जवळ येणे तो वाढवते.

आता आईला आत बोलवायचे असते आणि काय सांगायचे हे मुलीशी आधी ठरवून घ्यायचे असते. सगळा तपशील सांगण्याची गरज नसते, धोका आहे एवढे सांगणे टाळता येत नाही. पालकांच्या पहिल्या प्रतिक्रिया बहुधा ठरलेल्या असतात: 'लक्ष वेधून घेण्यासाठी बोलते', 'घरात हिला काय कमी आहे', 'बाहेर कळलं तर', आणि हमखास 'पोलीस केस होईल का?' या शेवटच्या भीतीचे उत्तर स्पष्ट देता येते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. जुन्या दंडसंहितेतील कलम 309 तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उतरलेलेच नाही. 'लक्ष वेधून घेण्यासाठी' या प्रतिक्रियेचे उत्तर असे की, लक्ष वेधण्यासाठी ज्या मुलीला मरणाचा उच्चार करावा लागतो, तिच्याकडे लक्ष देण्याची गरज आहे हे त्यातूनच सिद्ध होते.

यानंतर मुलगी, आई आणि समुपदेशक मिळून एका कागदावर सुरक्षा-योजना लिहितात. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी मांडलेल्या या योजनेत क्रम महत्त्वाचा असतो: विचार येऊ लागल्याची चाहूल कशी ओळखायची, तेव्हा एकटीने काय करता येईल, कोणाकडे किंवा कोठे गेल्याने मन दुसरीकडे वळेल, कोणाला सरळ सांगून मदत मागायची, कोणत्या तज्ज्ञाला वा हेल्पलाइनला फोन करायचा आणि घर सुरक्षित कसे करायचे. योजना मुलीच्या शब्दांत असावी. 'सकारात्मक विचार करीन' असे वाक्य रात्री अकरा वाजता निरुपयोगी ठरते. 'पुस्तक मिटून ओट्यावर आजीशेजारी जाऊन बसेन' हे वाक्य अमलात आणता येते. पूर्वी अशा मुलांकडून 'मी जिवाला काही करणार नाही' असे वचन किंवा शपथ घेण्याची पद्धत होती आणि आपल्याकडे आईच्या गळ्याची शपथ अजूनही घातली जाते. अशा वचनाने धोका कमी होतो असा पुरावा नाही. त्याने फक्त विचारणाऱ्याला हायसे वाटते आणि मुलाला पुढच्या वेळी आपले विचार लपवण्याचे कारण मिळते.

योजनेतील शेवटची पायरी पालकांची असते आणि तिच्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. किशोरवयातील आत्महत्येची ऊर्मी पुष्कळदा थोड्याच वेळापुरती तीव्र असते. तेवढा वेळ जीवघेणी वस्तू हाताला लागली नाही तर ती लाट ओसरून जाण्याची शक्यता मोठी असते. म्हणून शेतीची औषधे घरात वा पडवीत न ठेवता कुलूपबंद ठेवणे, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे असणे, आजी-आजोबांच्या गोळ्यांसह घरातील सर्व औषधे कुलपात ठेवून लागतील तेवढीच काढणे, याविषयी नुसते 'काळजी घ्या' न म्हणता कोठे ठेवाल, किल्ली कोणाकडे, आज संध्याकाळी हे कोण करणार, असे विचारून घ्यावे. 'ती तसलं काही करणार नाही' असे आई म्हणेल. कुलूप तरीही लावायला सांगावे.

शेवटी निर्णय. या मुलीला तातडीने भरती करण्याचे कारण दिसत नाही, पण नुसते घरी सोडून देणेही योग्य नाही. तिच्यासारख्यांसाठी मानसिक आरोग्य तज्ज्ञाची भेट शक्यतो 72 तासांच्या आत व्हावी असे ही पद्धत सांगते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा रुग्णालयात असते; तेथील भेटीची वेळ मुलगी समोर असतानाच फोन करून ठरवावी आणि ती पोहोचली की नाही हे चौथ्या दिवशी फोन करून विचारावे. चिठ्ठी देणे आणि भेट होणे यांच्यामध्ये जी मुले हरवतात ती या एका फोनमुळे सापडतात. पुढच्या वेळी चौथ्या प्रश्नाला तिचे उत्तर पुन्हा 'हो'च येणार, कारण भूतकाळ बदलत नाही. तेव्हा मागील भेटीनंतर काही घडले का, असे विचारून अर्थ लावावा.

या पद्धतीच्या मर्यादा मान्य करूनच तिचा वापर व्हायला हवा. ती आजची स्थिती सांगते, सहा महिन्यांनंतरचे भाकीत करीत नाही. खोटे बोलायचे ठरवलेल्या मुलाला ती पकडू शकत नाही. आणि ज्या शाळेत वा दवाखान्यात 'हो'नंतर बोलायला माणूस नाही, पाठवायला जागा नाही, तेथे केवळ फॉर्म भरून घेण्यासाठी हे प्रश्न वाटणे अनुचित आहे. वर्गात सर्वांसमोर, हात वर करायला सांगून ते विचारणे तर घातक आहे. ज्या मुलाने धीर करून कागदावर 'हो' लिहिले आणि तो कागद महिनाभर कपाटात पडून राहिला, त्याला काहीच न विचारले गेल्याहून वाईट अनुभव आलेला असतो. म्हणून कोणत्याही संस्थेने पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: पंधरा मिनिटे बोलणार कोण, तातडीच्या वेळी मुलासोबत थांबणार कोण, आणि मूल जाणार कोठे.

घरी किंवा शाळेत ज्यांना यांपैकी काहीच उपलब्ध नाही, त्यांनीही प्रश्न टाळू नये; सरळ विचारावे, ऐकून घ्यावे, मुलासोबत थांबावे आणि फोन करावा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, तिचा क्रमांक 14416 आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक मुलांना आणि त्यांची काळजी वाटणाऱ्या मोठ्यांनाही वापरता येतो.